झाडाला फक्त हिरवा

सोलापुरातल्या एका प्राथमिक शाळेत शिवबाई चित्रकला शिकवत. १९७४च्या चैत्रात त्यांनी दुसरीच्या मुलांना अंगणातल्या कडुलिंबासमोर बसवलं. "आधी बघा, मग रंगवा." मुलांनी कोवळी पालवी तांबूस रंगवली, उन्हातली पानं पिवळसर आणि सावलीतली निळसर काळपट.

शाळा तपासणीला आलेले साहेब वर्गात लावलेली चित्रं बघून हादरले. "झाडाला रोग झालाय का? झाड हिरवंच असतं!"

"साहेब, खिडकीतनं बघा की," नागम्मा नावाची मुलगी म्हणाली.

साहेब इतके विद्वान, की त्यांना बघायची गरजच नव्हती. मुख्याध्यापकांनी लगेच हुकूम सोडला, झाडाला फक्त हिरवा.

शिवबाईंनी हुकूम पाळला. हिरव्या रंगाच्या बाटल्या कपाटात ठेवून त्यांनी पिवळा, निळा आणि थेंबभर तांबडा वाटला. "हिरवाच करा, पण आपापला." वर्गात एक हिरवा दुसऱ्यासारखा निघाला नाही.

मुख्याध्यापक खूश झाले. झाडं एकदाची शिस्तीत आली होती.