चिंच घरात आहे

आमच्या समोरच्या द्वारकाकाकू मूळच्या वाशीमच्या. लग्न होऊन आल्या त्या खडकीच्या क्वार्टरमध्ये, कारण बद्रीनाथकाका तिथल्या कारखान्यात कामाला. आता धायरीत काका-काकू, मुलगा तेजस आणि सून निकिता असं चौघांचं घर. काकूंनी नोकरी अशी कधी केली नाही, पण घरचा आठवड्याचा बाजार ही त्यांची नोकरीच होती, आणि तिच्यातून निवृत्त व्हायचा त्यांचा अजिबात विचार नव्हता.

काकू पदार्थ धरून यादी सांगायच्या. पावभाजीचं सामान सगळं एकत्र, मग सांबाराचं, मग मसालेभाताचं. त्यामुळे दुकानात काका कोथिंबिरीसाठी भाजीकडे जायचे, डाळीकडे यायचे, की पुन्हा टोमॅटोसाठी भाजीकडे. घरी आल्यावर कोथिंबिरीच्या तीन जुड्या निघायच्या आणि नारळ नेमका राहिलेला असायचा.

निकिताने लग्नानंतर काही महिन्यांतच हे काम हलकेच स्वतःकडे घेतलं. शनिवारी संध्याकाळी ती आठवड्याचे पदार्थ ठरवायची. पावभाजीची कृती सहा माणसांची आणि सांबाराची दोघांची असेल, तर आधी दोन्ही चौघांच्या मापात आणायची. मग सगळ्या पदार्थांतले टोमॅटो एका ओळीत, बटाटे एका ओळीत. अळूच्या भाजीतले खोबऱ्याचे काप आणि मसालेभातावरचं ओलं खोबरं मिळून एक नारळ. शेवटी त्याची दुकानाप्रमाणे वाटणी: भाजी, डाळी, मसाले, फ्रीजमधलं.

पहिल्याच खेपेला काका पिशव्या ठेवत म्हणाले, "आज पायाला गोळे आले नाहीत. एकदा शिरलो आणि सरळ बाहेर."

"इतकी वर्षं मी तुम्हाला पळवत होते, असं म्हणा की," काकू म्हणाल्या. हे काकांनी ऐकलं नाही. समोरच्या दारातून मी ऐकलं.

तेव्हापासून काकू त्या यादीत चूक शोधत होत्या. माझ्याकडे चहाला आल्या तरी विषय तोच. "यंत्रासारखं घर चालवते गं. एक दिवस फसेल." त्या दिवसाची त्यांना घाई झाली होती.

यादीत त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं. बेरीज झाली की निकिता विचारायची, "आई, यातलं घरात काय आहे?" काकू बरण्या बघून सांगायच्या आणि ती तेवढं खोडायची.

एका शनिवारी यादीत चिंच होती. अळूला एका लिंबाएवढी, सांबाराला तेवढीच, म्हणून दोन लिंबांएवढी. काकू बरणीला हातही न लावता म्हणाल्या, "भरपूर आहे. खोड."

पालेभाजी टिकत नाही म्हणून अळू सोमवारीच होतं. काकांना अळूचं फदफदं फार प्रिय, आणि निकिता ते पहिल्यांदाच करत होती. अकराच्या सुमारास माझी बेल वाजली. दारात काकू, पदराखाली वाटी.

"उत्कर्षा, चिंच आहे का गं? आणि बोलू नकोस कुठे."

"यादीत नव्हती का?"

"होती. मीच खोडायला लावली." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "बरणीत नुसते चिंचोके आहेत, ठाऊक होतं मला. म्हटलं, होऊ दे एकदा फजिती."

"मग आता का आलात?"

"आंबट नसलं तर अळू खाजतं. ह्यांचा घसा धरेल. आमसुलंही संपलीत." मग म्हणाल्या, "आणि बरणी बघून निकिता मला रागावलीसुद्धा नाही. म्हणाली, 'माझंच चुकलं, आई. पुढच्या वेळेपासून बरण्या मीच बघत जाईन.'"

म्हणजे उरलेलं एवढंसं कामही गेलं होतं, आणि तेही स्वतःच्याच हाताने. मी चिंच दिली आणि म्हणाले, "काकू, तिला खरं सांगून टाका."

"तू पण तिच्याच बाजूची," म्हणत त्या वळल्या. पण दोन्ही घरांची दारं उघडी होती, आणि त्यांचं स्वयंपाकघर माझ्या दारातून दिसतं.

"चिंच नाही हे मला माहीत होतं," काकू ओट्यावर वाटी ठेवत म्हणाल्या. "तुझी यादी चुकावी म्हणून बोलले मी."

निकिता पळी हलवत राहिली. मग तिने गॅस बारीक केला आणि चिंच कोमट पाण्यात टाकली. "सांगितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "पण बरण्या मीच बघणार, आई."

"बघ."

भाजी चांगली झाली. काकांनी दोनदा मागून घेतली. काकूंनी एकदाच घेतली आणि चांगली झाल्याचं अवाक्षर काढलं नाही.

पुढच्या शनिवारी मी विरजण मागायला गेले, तर निकिता स्टुलावर चढून एकेक डबा उघडत होती. काकू बाहेर सोफ्यावर, समोर टीव्ही, पण मान स्वयंपाकघराकडे. शेवटी राहवलं नाही.

"मोहरीचा डबा हलवून बघ. त्यात खाली कागदाचा बोळा घातलाय मी. वरून भरलेला दिसतो."

निकिताने डबा हलवला, झाकण लावलं आणि यादीत मोहरी लिहिली. काकूंनी टीव्हीचा आवाज वाढवला.