सुरमई न नेता मागितलेलं शिफारसपत्र

काजूच्या कारखान्यातल्या माझ्या जुन्या मॅनेजरसाहेबांकडे शिफारसपत्र मागायला मी निघाले, तर आई सुरमई बांधून द्यायला लागली. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणे. मी भडकले. मासे देऊन स्वतःची स्तुती लिहून घ्यायची का?

मी फक्त एक कागद नेला. गोव्यातली कोणती नोकरी, शेवटची तारीख काय, पत्र कोणाच्या नावे हवं, आणि कारखान्यात मी काय काय काम केलं, एवढंच त्यावर होतं. जमणार नसेल तर मोकळेपणाने नाही म्हणा, हे फोनवरच सांगून ठेवलं होतं.

साहेब आता निवृत्त होऊन बांद्याला एकटेच राहतात. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला आणि शेवटच्या ओळीवर काट मारली.

“ह्या काम मी निवृत्त झाल्यावरचा. माका म्हायत नाय, ता मी लिवचंय नाय.”

मग खाली त्यांनी स्वतःच लिहिलं: ‘ओलसर काजूगराचं पॅकिंग हिने वेळीच थांबवलं.’ मी ते विसरूनही गेले होते.

“आज सांजेक मेल करतंय,” ते म्हणाले, आणि माझा जीव भांड्यात पडला. त्या भरात सुरमईचं भांडणही मी सांगून टाकलं.

साहेब हसले. “बरा केलंस गो. सुरमय आणली असतंस तर आधी ती कापूक लागली असती, नि पत्र तसाच रवला असता.”