जांघेचंही लिहा

काखेत गाठ उठली की आमच्याकडे तिला काखमांजर म्हणतात, आणि ती बाईला उठली की त्या बाईला घाणेरडी म्हणतात. मी तेव्हा खैरलांजीकडच्या एका मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. फळ्यावर लिहायला हात वर केला की डोळ्यांत पाणी यायचं. एक गाठ फुटून बसली की महिन्याभरात तिथंच दुसरी. जांघेतही तेच, पण ते मी आईलाही सांगितलं नव्हतं. आई काखेतली गाठ पिळून काढायची. मी रोज खसाखसा घासून अंघोळ करायची, केस काढायला पातं फिरवायची आणि वरून घट्ट बाह्यांचं पोलकं चढवायची. सगळं उलटंच करत होतो आम्ही मायलेकी.

मग पोरींच्या आया मोठ्या गुरुजींकडे गेल्या. "बाईच्या अंगाले वास येते, आमच्या पोरीईले लागन." गुरुजींनी मला बोलावून सांगितलं, "आठ दिवसांत बऱ्या व्हा, नाही तं राजीनामा द्या."

राजीनामा! काहून? मी काय चोरी केली होती? अस्सा संताप आला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी बसनं बालाघाटचा सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काख पाहिली आणि विचारलं, "आणखी कुठं?" मी मान खाली घालून दाखवलं.

"हा घाणीचा रोग नाही, कोणाला लागतही नाही," त्या म्हणाल्या. "केसांच्या मुळाशी छिद्राचं तोंड बुजतं, आत सूज येते. लवकर आलीस ते बरं. उशीर झाला तर गाठीगाठींत आतून वाटा पडतात, व्रण राहतात." पिळणं बंद, पातं बंद, घासणं बंद. गरम पाण्याचा शेक, सैल सुती कपडे, वजन थोडं कमी, आणि काही आठवडे टेट्रासायक्लीनच्या गोळ्या. "तंबाखू?" मी चोरून बिडी ओढायची. "हौ," म्हटलं. "ती आधी सोड. आणि पुन्हा उठेल, घाबरू नको. उठली की लगेच ये."

शाळेत दाखवायची चिठ्ठी लिहिताना त्यांनी विचारलं, "फक्त काखेचं लिहू?"

"जांघेचंही लिवा," मी म्हटलं.

आठव्या दिवशी शाळेत आया जमल्या होत्या. गुरुजी चिठ्ठी मोठ्यानं वाचू लागले आणि 'जांघ' या शब्दावर अडकले. मी चिठ्ठी हातातून घेतली, पुढचं स्वतः वाचलं, 'हा रोग संसर्गानं पसरत नाही' हे दोनदा वाचलं. राजीनामा देणार नाही म्हणून सांगितलं. गुरुजी "बरं, बरं" म्हणत राहिले.

आया निघाल्या. सगळ्यांत जास्त बोंबलणारी मागं थांबली, पदर तोंडाशी धरून कुजबुजली, "बाई, त्या डॉक्टरीण कोनत्या दिवशी बसतेत? माह्या मोठीले..."

"हळू काहून इचारता?" मी म्हटलं. "मोठ्यानं इचारा."

तिनं पदर खाली केला आणि मोठ्यानं विचारलं.