रिकाम्या कंसातले नग

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, मी आयटी बघते. आयटी म्हणजे मी एकटीच. प्रिंटर अडकला तरी मला बोलावतात आणि सर्व्हर बसला तरी मलाच. सकाळी शिवाजी पेठेतून कंपनीची बस पकडायची, संध्याकाळी त्याच बसनं परत.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं ओतीव नगांच्या तपासणीसाठी टॅब आले. तोवर तपासनीस वहीत लिहायचे. आता नग समोर आला की त्याचा नंबर टाकायचा, दोष दिसला तर दोष निवडायचा, नसला तर तसंच सेव्ह दाबायचं. ही माहिती सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या सर्व्हरवर जायची आणि त्यांच्या एपीआयकडं, म्हणजे माहिती देणाऱ्या खिडकीकडं, मागितली की जेसन नावाच्या मजकुरी रूपात परत मिळायची. प्रॉडक्शनच्या साहेबांना मात्र ती एक्सेलमध्ये हवी होती, दर सोमवारी.

अडचण अशी की सर्व्हरचं हे उत्तर डब्यात डबा असं यायचं. सगळ्यात बाहेर तारीख आणि शिफ्ट. त्यात नगांची यादी. प्रत्येक नगात त्याचा नंबर, तपासणाऱ्याचं नाव, वेळ आणि आत आणखी एक यादी, दोषांची. एक्सेलला असलं काही कळत नाही, त्याला सपाट ओळी लागतात. मी ठरवलं, एका दोषाला एक ओळ. नगाचा नंबर आणि तपासनिसाचं नाव प्रत्येक ओळीत पुन्हा लिहायचं. प्रोग्रॅममध्ये दोन लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारे फेरे, लिहिले: बाहेरचा एकेका नगावरून फिरणार, आतला त्या नगाच्या एकेका दोषावरून, आणि आतला फिरेल तेवढ्या ओळी शीटमध्ये पडणार. सॉफ्टवेअरवाल्यांनी नमुन्यादाखल चार नगांचं उत्तर पाठवलं होतं. चारही नगांना दोष होते. त्यावर चालवून बघितलं, ओळी बरोबर पडल्या. मी खूश झाले.

महिनाभरानं साहेबांनी मला मीटिंगला बोलावलं. तपासणीला तिघं होते. शीटप्रमाणं त्यातले दोघं दिवसाला ऐंशीच्या आसपास नग बघत होते आणि तिसरे, ज्यांना सगळी कंपनी मामा म्हणते, ते एकोणीस. कधी बावीस. मामांची नोकरी वीस वर्षांवर झालेली, निवृत्तीला तीन-चार वर्षं उरलेली.

"हे शीट बरोबर आहे ना?" साहेबांनी मला विचारलं.

"हो सर. थेट सिस्टिममधून येतं, हातानं काही भरत नाही."

हे वाक्य मी अगदी सहज बोलले. थोडं अभिमानानंच, खरं सांगायचं तर.

दुसऱ्या दिवशी मामा माझ्या टेबलापाशी आले. टोपी हातात.

"मॅडम, त्या कॉम्प्युटरमधी माझं काम दिसतंय का, एकदा बघा की. मी रोज नव्वद नग बघतोय."

मी शीट उघडलं, त्यांच्या नावावर आणि कालच्या तारखेवर फिल्टर लावला आणि स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. एकोणीस ओळी.

"मामा, तुम्ही सेव्ह दाबायला विसरत असाल. नव्या वस्तूंची सवय नसते."

"दाबतो की मी."

"मग आलं असतं ना इथं."

ते टोपी डोक्यावर घालून गेले. आठवड्याभरात त्यांची बदली ग्राइंडिंगला झाली. तिथं नगांच्या कडा घासून काढतात. दिवसभर उभं राहायचं, तोंडाला फडकं बांधून, तरी संध्याकाळी नाकातून काळं येतं. बसमध्ये ते पुढं बसायचे. बसमध्ये चढताना मी त्यांच्या भुवयांवरची धूळ बघायचे आणि मागं जाऊन मोबाईल काढायचे.

तीन आठवड्यांनी एका ग्राहकाचा माणूस ऑडिटला आला. त्यानं एका नगाचा नंबर दिला, हा कुणी तपासला ते दाखवा म्हणाला. शीटमध्ये तो नंबरच नव्हता. मी घाबरून सर्व्हरचं मूळ उत्तर उघडलं आणि नंबर शोधला. नग होता. तपासणारे मामा, वेळ सकाळची दहा वाजून काही मिनिटं. आणि दोषांच्या जागी दोन चौकोनी कंस, आत काही नाही.

मला त्याच क्षणी कळलं. दोष नाही म्हणजे आतली यादी रिकामी. यादी रिकामी म्हणजे आतला लूप एकदाही फिरत नाही. लूप फिरला नाही म्हणजे ओळ नाही. नग चांगला असला की माझा प्रोग्रॅम तो गिळून टाकत होता. उलट तीन दोषांच्या नगाच्या तीन ओळी पडत होत्या, म्हणून बाकी दोघांचे आकडे अंदाजाच्या जवळपास जुळत होते आणि कुणाला शंका आली नाही. मी बदलीआधीच्या महिन्यातले मामांचे नग मोजले, ओळी नव्हे, नग. रोज नव्वदच्या आसपास.

मामांच्या लाईनवर, म्हणजे त्यांच्याकडं येणाऱ्या नगांत, दोष कमी का, तेही नंतर कळलं. दोष दिसला की ते नग घेऊन साचेवाल्यांकडं जायचे, साच्याची वाळू कुठं ओली राहिली ते दाखवायचे. हे कुठल्याच टॅबमध्ये भरायची सोय नव्हती.

प्रोग्रॅम दुरुस्त करायला अर्धा तासही लागला नाही. आता दोन शीट केली: एकात दर नगाला एक ओळ आणि दोषांची संख्या, मग ती शून्य का असेना, दुसऱ्यात दोष, नगाच्या नंबरानं पहिल्याशी जोडलेले. हे मी त्याच दुपारी केलं. साहेबांना सांगायला मात्र चार दिवस घेतले. ते चार दिवस मला आजही आठवायला नको वाटतात. नवं शीट पाहून त्यांच्या आपोआप लक्षात येईल, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. पण मामा तपासणीवर नव्हतेच, नव्या शीटमध्ये त्यांचं नाव येणार कुठून?

पाचव्या दिवशी सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बदलीचा कागद निघालाय. पुढच्या महिन्यात बघू," म्हणाले.

मग मी ग्राइंडिंगला गेले. मामांनी मशीन बंद केलं, तोंडावरचं फडकं खाली ओढलं. मी सगळं सांगितलं, जमेल तितकं सोपं करून.

"म्हंजे माल चांगला निघाला की मी कामावर न्हाय. असंच की?"

"हो."

"आणि मी सेव्ह दाबत न्हाय म्हणालासा."

"चुकले मी, मामा."

"व्हय, चुकलासा. हे कागदावर लिहून द्या. सहीनिशी. पोरगा माझा ह्याच कंपनीत हाय, लोक त्याला विचारतात, बा कामात झोपतोय का म्हणून."

मी लिहून दिलं. चूक माझ्या प्रोग्रॅमची होती, असं स्पष्ट. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि मशीन चालू केलं.

दीड महिन्यानं ते तपासणीवर परत आले. त्यानंतरच्या काही सोमवारी मला दिसलं की त्यांच्या लाईनवरचे दोष वाढतायत. एकदा धीर करून विचारलं, साचेवाल्यांकडं आता जात नाही का?

"नग बघायचा, टॅबवर दाबायचं," मामा म्हणाले. "तेवढंच लिवलं जातंय न्हवं."

त्यांनी पुढचा नग ओढला. मी उभी होते तिथं अडचण होत होती, म्हणून बाजूला झाले.