पुढची रेघ

किडनी प्रत्यारोपण विभागातल्या रेकॉर्ड-क्लार्कला सगळे शून्यबाई म्हणत. मोबाइल नंबरापुढचं शून्य दिसलं की तिचा हात आपोआप खोडायच्या बटणाकडे जाई. तिची नणंद तर म्हणायची, "हिला पगारातली शून्यं तेवढी खोडायला लावू नका."

त्या आठवड्यात प्रतीक्षा यादी नव्या प्रणालीत चढवायची होती. किडनी उपलब्ध झाली की यापुढे निरोप मशीनच पाठवणार होतं, पण मशीन नखरेल. अधिकचं चिन्ह, देशाचा कोड, एक मोकळी जागा, पाच आकडे, एक मोकळी जागा, पाच आकडे. याहून वेगळं काही दिसलं तर नंबर बाहेर. आणि यादी म्हणजे बारा भानगडी. कुठे आकड्यांत टिंबं, कुठे तक्त्याच्या एका घरात दोन नंबर, कुठे पुढे "बायकोचा" असं लिहिलेलं. रेघा तर जिथे तिथे. शून्यबाईने सगळ्या रेघा एका फटक्यात काढल्या, जागा सारख्या केल्या, कोड लावला. यादी इस्त्री केल्यासारखी दिसू लागली.

तरी यादी पुढे सोडण्याआधी ती मधूनच चारदोन नंबर फिरवून बघायची. एका ट्रकचालकाचा फिरवला तर म्हातारीचा आवाज आला.

"परत तुम्हीच? अहो, तो इथे राहत नाही."

"आजी, आधी कोणी फोन केला होता का?"

"आले होते की दोन. मागच्या वर्षी. म्हणाले, काही खाऊ नका, लगेच निघून या. मी म्हटलं, चुकीचा नंबर. ठेवून दिला त्यांनी." ती पुढे म्हणाली, "दिवसभर मला घास गेला नाही. कोणाला बोलावत होते, कशाला, काही कळेना. आहे का तो?"

बघते म्हणून शून्यबाईने फोन ठेवला. तिने चालकाची फाइल काढली. त्याचं डायलिसिस दुसरीकडे व्हायचं, त्यामुळे तो इथे क्वचितच येई. फॉर्मवर त्याने स्वतः लिहिलेला नंबर होता आणि पर्यायी नंबराची जागा कोरी. यादीतला नंबर वेगळा होता, पण फक्त शेवटचे आकडे. तिने वजाबाकी केली. फरक बरोबर देशाच्या कोडाइतका आला.

तिने सकाळची, न धुतलेली यादी उघडली. तिथे त्याच्या नंबराआधी एक रेघ होती.

यादी करणाऱ्याने आधी अधिकचं चिन्ह टाकलं होतं, मग कोड, मग रेघ, मग नंबर. तक्त्याच्या सॉफ्टवेअरला ते गणित वाटलं. त्याने कोडातून नंबर वजा केला आणि उत्तर घरात मांडून ठेवलं. पुढची ती रेघ उणेची होती. सगळे तिला चुकून पडलेली समजले. आज सकाळी शून्यबाईही तसंच समजली होती, आणि तिने ती पुसली होती. तिने उणे असलेल्या सगळ्या ओळी वेगळ्या काढल्या. अकरा निघाल्या. प्रत्येकीत कोडाइतकी भर घालून बघितली आणि फाइलशी ताडली. अकराही जुळल्या.

किडनी आली की रुग्णांना फोन लावणाऱ्या सिस्टर मागे येऊन उभ्या होत्या.

"आजींना तो फोन मीच केला होता," त्या म्हणाल्या. "शनिवार होता. दोनदा लावला. किडनी थांबत नाही. पुढचं नाव घेतलं." मग हळूच, "आधी चालकाला लाव."

बराच वेळ रिंग वाजली. शून्यबाईने टेबलाची कड धरली होती.

"बोला," पुरुषाचा आवाज आला. दमलेला. "हॉस्पिटल ना? माझा नंबर लागला का?"

"नाही दादा. नंबर तपासतेय फक्त."

"मधे कधी लागला होता का?"

शून्यबाईने सिस्टरांकडे पाहिलं.

"लागला होता," शून्यबाई म्हणाली. "मागच्या वर्षी, एका शनिवारी. आमच्याकडे नंबर चुकीचा पडला होता. चूक आमची."

पलीकडे कोणीतरी भांडं ठेवलं. पंखा कुरकुरत होता.

"शनिवारी मला डायलिसिस नसतं," तो म्हणाला. "घरीच असणार मी. फोन समोर असतो." मग म्हणाला, "ज्याला मिळाली, तो बरा आहे?"

"ते सांगता येत नाही आम्हाला."

"नका सांगू. घ्या, लिहून घ्या." त्याने एकेक आकडा सांगितला. शून्यबाईने परत वाचून दाखवला. त्याने पुन्हा वाचायला लावला.

सिस्टरांनी या चुकीच्या चौकशीचा अर्ज स्वतःच लिहिला आणि वर पाठवला. उरलेल्या दहांपैकी नऊ जणांनी फोन उचलला. दहाव्याच्या मुलीने उचलला आणि म्हणाली, नाव काढा आता.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडलं आणि टेबलावरचा फोन वाजला.

"मीच," चालक म्हणाला. "लागतो का ते बघत होतो."

"लागतो, दादा."

तेव्हापासून तो रोज सकाळी फोन लावून बघतो. सिस्टर म्हणतात, त्याला सांग, रोज नको. शून्यबाई सांगत नाही. एखाद दिवशी त्याला उशीर होतो. मग ती चहा तसाच ठेवते, आणि सिस्टर शेजारचा फोन वाजला तरी उचलत नाहीत.