बारा युरो

जर्मनीला शिकायला निघाले तेव्हा बाबांनी माझ्या परदेशी चलनाच्या कार्डात थोडे युरो आणि बरेच डॉलर भरले. दोन्ही वेगवेगळे राहत. युरो संपले की खरेदीच्या क्षणीच, त्या वेळच्या दराने, लागतील तेवढे डॉलर बदलले जात.

“ढोलीत साठवल्या धानासारखं हाय माय, लागन तेवढंच भरडाचं,” गोंडपिपरीहून बाबा फोनवर हसायचे. “आधी काऊन बदलतं?”

मी बदलले नाहीत.

बाबा अत्यवस्थ झाले, त्या दिवशी डॉलर घसरला होता. विमानाच्या तिकिटाला बारा युरो कमी पडले; कार्ड चाललं नाही. शेजारच्या खोलीतल्या मुलीकडे तेवढे मागायला माझी जीभ रेटली नाही. दुसऱ्या दिवशीचं स्वस्त तिकीट काढलं. घरी पोचले तेव्हा पुरुष मंडळी स्मशानातून परतत होती.