गजभिये सरांचा शेरा

पुण्यात धायरीच्या त्या बँकिंग प्रशिक्षण संस्थेत भीमराव गजभिये यांना कुणाचंच कौतुक नव्हतं, आणि ही गोष्ट ते लपवतही नसत. संचालक संतोष साबडे यांना ते तोंडावर ‘आपण’ म्हणत आणि पाठीमागे ‘स्लाइडवाला’. जेवणानंतरच्या तासाला पेंगणाऱ्या अधिकाऱ्यांकडे बघून ते म्हणत, “झोपा, झोपा. आपल्या देशाचं सोनं लंडन सांभाळतंय, आपण कशाला जागायचं?”

गजभिये मूळचे नागपूरचे. वडील गिरणीत, आणि हा मुलगा थेट रिझर्व्ह बँकेत. तिथल्या परकीय गंगाजळीच्या विभागात नोकरी संपवून ते वारज्याला फ्लॅट घेऊन राहिले. एक्क्याण्णवच्या जुलैमध्ये देश कंगाल होत आला होता आणि कर्जासाठी सोनं विमानानं परदेशी गेलं, तेव्हा मुंबईच्या तिजोरीत विटांचे नंबर यादीशी ताडून बघणाऱ्यांत ते होते. प्रत्येक कोर्सच्या पहिल्या दिवशी ते ही गोष्ट सांगत. शुद्धता, वजन, नंबर, शिक्का. एक वीट साधारण साडेबारा किलोची. एकही नंबर चुकला नाही, हे सांगताना त्यांची मान आपोआप ताठ व्हायची.

त्यांचं सगळं ज्ञान त्या यादीत होतं. परदेशातलं सोनं माघारी आणणाऱ्या देशांवर त्यांचा विशेष राग. जर्मनीनं न्यूयॉर्क आणि पॅरिसहून शेकडो टन सोनं घरी नेलं; का, तर म्हणे लोकांना आपलं सोनं डोळ्यांनी बघायचं होतं. आपणही अलीकडे दोनशेहून अधिक टन आणलं, त्यावर साबड्यांनी सिंहाचं चित्र असलेली स्लाइड केली. “लंडनमध्ये सोनं विकायचं तर वहीत नाव बदललं की काम झालं,” गजभिये वर्गात सांगत. “वीट जागची हलत नाही. घरी आणून तुम्ही काय करणार? पूजा?”

या वेळच्या कोर्सला लहान देशांच्या मध्यवर्ती बँकांचे अधिकारी आले होते. त्यांत आफ्रिकेतल्या एका छोट्या देशाची अमीना होती. जेवणानंतर पेंगायची नाही, म्हणून ती गजभिये सरांच्या नजरेत भरली होती. पण तिच्या प्रकल्पाचं नाव वाचून त्यांनी नाक मुरडलं. ‘आमचं सोनं परत आणावं का?’ तिच्या देशाचं पाच टन सोनं लंडनला होतं. चारशे विटा. त्यातल्या तीनशे घरी आणाव्यात आणि शंभर व्यवहारासाठी तिथंच ठेवाव्यात, असं तिचं म्हणणं. तिच्या बँकेचे गव्हर्नर याच आठवड्यात निर्णय घेणार होते, आणि या प्रस्तावावर तज्ज्ञाचं मत मिळावं म्हणूनच तिला पुण्याला पाठवलं होतं.

प्रकल्प तीस पानांचा होता. गजभिये सरांनी चार वाचली. इतक्या वर्षांनी त्यांना चार पानांत माणूस कळायचा, असा त्यांचा समज. त्यांनी शेरा लिहिला: ‘भावनिक. सोन्याला कोणताही धोका दाखवलेला नाही. शिफारस करता येत नाही.’ परीक्षकाचा शेरा अधिकाऱ्याला पाठवणाऱ्या बँकेला त्याच दिवशी मेलनं कळवायचा, असा कोर्सचा नियम होता. साबड्यांच्या ऑफिसनं तो कळवला. एरवी ज्या ऑफिसात चहाचं बिल महिनाभर पडून राहायचं, तिथून हा मेल पंधरा मिनिटांत गेला.

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा झाली.

“मॅडम,” गजभिये इंग्रजीत म्हणाले, “लंडनच्या तिजोरीतली तुमची एक तरी वीट कमी आहे का?”

“नाही सर.”

“मग भीती कशाची? इंग्रज चोरून नेतील याची?”

“अकरावं पान, सर,” ती म्हणाली.

अकरावं पान त्यांनी पाहिलंच नव्हतं. ते त्यांनी तिच्यासमोर उघडलं आणि वाचल्याचं सोंग करायचं ठरवलं. पण वाचता वाचता सोंग गळून पडलं. दक्षिण अमेरिकेतल्या एका देशानं लंडनकडे आपलं सोनं मागितलं. देशात दोघे जण स्वतःला राष्ट्राध्यक्ष म्हणवत होते. ब्रिटिश सरकार ज्याला मानत होतं तो निराळा, आणि राजधानीत बसलेला निराळा. सोनं कुणाच्या हुकमानं द्यायचं, यावर कोर्टात वर्षानुवर्षं गेली.

“त्यांचीही एकही वीट कमी नव्हती सर,” अमीना म्हणाली. “यादी तंतोतंत जुळत होती. आणि बावीस साली रशियाच्या परदेशातल्या गंगाजळीचं काय झालं? कुणी चोरली नाही. फक्त वापरता येईना. आमच्याकडे पुढच्या वर्षी निवडणूक आहे. दोन पक्ष आहेत, दोघांचेही लष्करात आपापले लोक. निकाल काहीही लागो, दोघेही जिंकणार आहेत.”

“आणि घरी आणलेलं सोनं या दोघांपैकी एक जण लुटणार नाही?”

“लुटेलही. पण तेव्हा ते भांडण आमचं असेल.” ती थांबली. “सर, तुम्ही पहिल्या दिवशी एक्क्याण्णवची गोष्ट सांगितलीत. कर्ज देणाऱ्यांनी तुमचं सोनं मुंबईतच, तुमच्याच तिजोरीत का राहू दिलं नाही? यादी तर जुळत होती.”

गजभिये सरांना उत्तर ठाऊक होतं. आपल्या शब्दावर विश्वास नव्हता, म्हणून. सोनं स्वतःच्या ताब्यात आल्याशिवाय पैसे सोडायला ते तयार नव्हते. त्या दिवशी तिजोरीत आपण किती अपमानित झालो होतो, हे त्यांना आता आठवलं, आणि चौतीस वर्षं आपण त्या अपमानाची फुशारकी मारत आलो, याची त्यांना मनापासून लाज वाटली. सोनं परत आणणाऱ्या देशांना विटा कमी भरतील याची भीती नव्हती. आपला हुकूम उद्या मानला जाईल का, एवढंच ते विचारत होते. हे या मुलीला कळलं होतं आणि आपल्याला नाही.

त्यांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. मग ते साबड्यांच्या केबिनमध्ये गेले.

“माझा शेरा चुकीचा होता. तो मागे घेतल्याचं अमीनाच्या बँकेला कळवा.”

“अहो सर, काय बोलताय!” साबडे हसले. “तज्ज्ञ एकदा बोलले की बोलले. संस्थेची इमेज आहे.”

“आपली इमेज सिंहाच्या स्लाइडवर आहे, तिला काही होत नाही. मी पूर्ण न वाचता शेरा लिहिला, तसंच कळवा.”

साबडे कळवणार नाहीत, हे ओळखून गजभिये सरांनी स्वतःच पत्र लिहिलं. चार पानं वाचून शेरा दिला हे त्यांनी त्यात सरळ लिहिलं, अमीनाचा प्रस्ताव योग्य आहे असंही लिहिलं, आणि खाली सही केली. आयुष्यात प्रथमच त्यांनी स्वतःला नालायक ठरवणाऱ्या कागदावर सही केली होती.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. मेल संस्थेच्या नावे होता, गजभिये सरांना त्याची फक्त प्रत. अमीना त्यांच्या शेजारी उभी होती. त्यांनी तो मोठ्यानं वाचला.

‘आपल्याकडून एकाच प्रकल्पावर परस्परविरोधी दोन अभिप्राय मिळाले. कोणता अधिकृत मानावा, हे संस्थेच्या मान्यताप्राप्त प्रमुखांनी लेखी कळवावं. तोपर्यंत सोनं आहे तिथेच राहील.’

दुपारच्या विमानाची वेळ होत आली होती, अमीनानं बॅग उचलली. गजभिये साबड्यांच्या केबिनकडे निघाले. दाराबाहेरच्या शिपायानं सांगितलं, साहेबांनी उत्तर सकाळीच पाठवलं. पहिला शेरा कायम.